17 लाख कोटींत एक

माझी भाची नववीत आहे. तिला कुठेतरी एक जुनी हकिगत वाचायला मिळाली आणि ती वही घेऊनच माझ्याकडे आली. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एका बाईला राज्याच्या लॉटरीचं सर्वांत मोठं बक्षीस लागलं आणि चारच महिन्यांत तिलाच पुन्हा लागलं. पहिलं 1985च्या ऑक्टोबरात, दुसरं 1986च्या फेब्रुवारीत. खाली लिहिलं होतं की असं घडण्याची शक्यता 17 लाख कोटींत एक.

"मावशी, हे खोटं असणार ना?" तिने विचारलं. "इतकी कमी शक्यता असेल तर घडेलच कसं?"

मी संख्याशास्त्र शिकवते. वर्गात हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात येतो. पण तिने ज्या कळकळीने विचारला, तसा तो फार कमी वेळा येतो. तिला बाईचा हेवा वाटत नव्हता, की लॉटरीचं आकर्षणही नव्हतं. तिला तो आकडाच सलत होता. शक्यता इतकी कमी आणि तरी घटना घडलेली, तर मग आकडा चुकलाय किंवा जगात काहीतरी गडबड आहे, असं तिचं म्हणणं. मला ते म्हणणं रास्त वाटलं. आम्ही ती संध्याकाळ त्यातच घालवली.

आधी आकडा तपासला. त्या बाईने पहिलं बक्षीस जिंकलं त्या खेळात 1 ते 39 मधले सहा आकडे निवडायचे होते. 39 मधून सहा आकडे निवडण्याचे एकूण प्रकार किती? 39, 38, 37, 36, 35 आणि 34 यांचा गुणाकार करायचा आणि त्याला 720 ने भागायचं, कारण तेच सहा आकडे 720 वेगवेगळ्या क्रमांनी येऊ शकतात आणि लॉटरीत क्रमाला किंमत नसते. उत्तर येतं 32,62,623. दुसऱ्या वेळी खेळ 42 आकड्यांचा झाला होता. तिथे प्रकार होतात 52,45,786. दोन्हींचा गुणाकार केला की बरोबर 17 लाख 11 हजार कोटींच्या आसपास पोचतो.

भाचीने दोन्ही गुणाकार हाताने केले, एकदा चुकले, पुन्हा केले. आकडा जुळला तेव्हा तिचा चेहरा आणखीच पडला. तो खोटा निघाला असता तर तिची सुटका झाली असती.

पण गणित बरोबर असणं वेगळं आणि ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे हे कळणं वेगळं. 17 लाख कोटींत एक, हे उत्तर ज्या प्रश्नाचं आहे तो प्रश्न असा: आज मी एका विशिष्ट माणसाचं नाव पाकिटात घालून पाकीट बंद केलं. त्या माणसाने एका ठरलेल्या सोडतीसाठी एकच तिकीट घेतलं आणि नंतरच्या दुसऱ्या ठरलेल्या सोडतीसाठीही एकच. दोन्ही तिकिटांना पहिलं बक्षीस लागेल का? याला उत्तर 17 लाख कोटींत एक. पण असं पाकीट कोणीही बंद केलेलं नव्हतं. त्या बाईचं नाव आपल्याला कळलं तेच मुळी दुसरं बक्षीस लागल्यावर.

हे तोंडाने सांगून पटत नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे. म्हणून मी कागदाच्या वीस चिठ्ठ्या केल्या, 1 ते 20 आकडे घातले आणि एका डब्यात टाकल्या. समज, ही वीस माणसं आहेत. एक चिठ्ठी काढायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत डब्यात टाकून डबा हलवायचा. अशा सहा सोडती.

काढण्याआधी मी तिला विचारलं, "3 नंबरच्या माणसाला पहिल्या आणि दुसऱ्या सोडतीत लागोपाठ लागेल, याची शक्यता किती?"

"विसात एक गुणिले विसात एक. चारशेत एक."

"काढ."

तिने काढल्या. 14, 3, 9, 17, 3, 11.

"तीन दोनदा आला!" ती ओरडली. मग थांबली. "पण तू आधी तीनच म्हणाली होतीस. तू काहीतरी केलंस."

मी काहीच केलं नव्हतं, आणि हा प्रकार असा अचूक घडेल याची मलाही कल्पना नव्हती. मी फक्त तोंडाला आला तो आकडा घेतला होता. तो योग बाजूला ठेवायला मला तिची बरीच समजूत काढावी लागली. तिथून आम्ही सहा सोडतींची एक फेरी, अशा दहा फेऱ्या केल्या आणि प्रत्येक फेरीत एखादा तरी आकडा दोनदा आला का, एवढंच लिहिलं. दहापैकी सहा फेऱ्यांत आला. कधी 12, कधी 20, कधी 5.

हिशोबही तेच सांगतो. सहाही आकडे वेगवेगळे येण्यासाठी दुसऱ्या चिठ्ठीने पहिलीला टाळायला हवं, म्हणजे विसात एकोणीस. तिसरीने आधीच्या दोघींना टाळायला हवं, विसात अठरा. असं करत सहाव्या चिठ्ठीपर्यंत यायचं. सगळे अपूर्णांक गुणले की 0.436 उरतात. म्हणजे सगळे वेगवेगळे येण्याची शक्यता 44 टक्क्यांच्या आत, आणि कोणीतरी दोनदा जिंकण्याची 56 टक्क्यांच्या वर. नेमक्या माणसाला नेमक्या दोन सोडतींत लागणं चारशेत एक, आणि कोणालातरी कुठल्याही दोन सोडतींत लागणं निम्म्याहून जास्त. डबा तोच, चिठ्ठ्या त्याच, फक्त प्रश्न बदलला.

भाची बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसली. मग म्हणाली, "पण वीस माणसं आणि सहा सोडती म्हणजे काहीच नाही. तिथे तर 52 लाख प्रकार आहेत."

बरोबर आहे. म्हणून खऱ्या लॉटरीकडे परत जायला हवं, आणि इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. पहिलं बक्षीस कोणाला लागलं, याचं कोणालाच आश्चर्य वाटत नाही. लाखो लोक तिकिटं घेतात, कोणाला ना कोणाला लागतंच. म्हणजे त्या गुणाकारातला 32 लाखांचा पहिला तुकडा आपल्या प्रश्नात येतच नाही. प्रश्न एवढाच उरतो की ज्यांना आधी कधीतरी मोठं बक्षीस लागलंय, त्यांच्यापैकी कोणाला तरी ते पुन्हा लागेल का. आणि असे विजेते एक नाहीत, पुष्कळ आहेत. जिंकलेला माणूस खेळ सोडून देतो असंही नाही. बरेच जण खेळत राहतात, आणि एका तिकिटावर थांबतातच असं नाही.

वहीत आम्ही एक मांडणी केली. आकडे मी गृहीत धरलेले, हिशोब दिसावा म्हणून. समज, देशभरात पूर्वी जिंकलेले 1,000 लोक अजून खेळतात. प्रत्येक जण दर सोडतीला पाच तिकिटं घेतो. वर्षाला 100 सोडती होतात. एका माणसाची वर्षाची तिकिटं झाली 500. त्याला पुन्हा लागण्याची शक्यता 52,45,786 मध्ये 500, म्हणजे साधारण साडेदहा हजारांत एक. हा माणूस शेजारी राहत असता तर आपण त्याला सांगितलं असतं की बाबा रे, विसर आता. आणि ते सांगणं योग्यच होतं.

पण अशी हजार माणसं आहेत. त्यांची मिळून वर्षाला 5 लाख तिकिटं. 5 लाखांना 52 लाख 45 हजारांनी भागलं की 0.095 येतात. म्हणजे साधारण साडेनऊ टक्के, दर वर्षी.

"सात वर्षं धरली तर?" मी विचारलं.

तिने सातने गुणलं. "साधारण 67 टक्के."

इथे जवळपास प्रत्येक विद्यार्थी घसरतो, म्हणून मी तिला थांबवलं. सातने गुणून जे मिळतं ती शक्यता नव्हे. सात वर्षांत सरासरीने अशा किती घटना अपेक्षित आहेत, तो तो आकडा. याच वाटेने गेलो तर अकरा वर्षांत शक्यता शंभर टक्क्यांवर जाईल, आणि ते तर होऊच शकत नाही. खरा रस्ता उलट्या बाजूने जातो. एका वर्षात कोणालाही पुन्हा न लागण्याची, म्हणजे पाच लाख तिकिटांपैकी एकही न लागण्याची शक्यता काढायची. ती सुमारे 0.909. एकातून 0.095 वजा करून ती मिळत नाही, कारण तोही खरं तर अपेक्षित घटनांचाच आकडा होता. हा आकडा स्वतःशी सात वेळा गुणायचा, म्हणजे सातही वर्षं कोरडी जाण्याची शक्यता मिळते: सुमारे 0.51. म्हणजे एकदा तरी कोणालातरी दुसऱ्यांदा लागण्याची शक्यता जवळजवळ 49 टक्के. नाणं उडवावं तितकी.

1986 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्या बातमीत 17 लाख कोटींचा आकडा छापला, तेव्हा पर्ड्यू विद्यापीठातल्या स्टीफन सॅम्युएल्स आणि जॉर्ज मॅककेब या दोन संख्याशास्त्रज्ञांनी याच धर्तीचा हिशोब केला होता. अमेरिकेत सात वर्षांच्या काळात कोणीतरी दोनदा मोठी लॉटरी जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे, असं त्यांचं उत्तर आलं. अगदी चार महिन्यांच्या काळातसुद्धा ती तिसात एकाहून जास्त. माझ्या गृहीत आकड्यांनी चार महिन्यांसाठी बत्तिसात एक येतं. या जवळिकीला मी फार किंमत देणार नाही, कारण माझी हजार माणसं आणि पाच तिकिटं अंदाजाची होती. ती दुप्पट-निमपट केली तर उत्तरही हलेल. पण कितीही ओढाताण केली तरी ते 17 लाख कोटींच्या आसपास फिरकणारसुद्धा नाही, आणि मला तिला तेच दाखवायचं होतं.

काही वर्षांनी, 1989 मध्ये, पर्सी डायकोनिस आणि फ्रेडरिक मॉस्टेलर यांनी योगायोगांचा अभ्यास कसा करावा यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यात या न्यू जर्सीच्या बाईचं उदाहरण आहे. नमुना पुरेसा मोठा असेल तर कुठलीही अचाट गोष्ट घडणं संभवतं, असा त्यांचा नियम. त्याला त्यांनी खरोखरच मोठ्या संख्यांचा नियम म्हटलं. डायकोनिस तरुणपणी जादूचे खेळ करत फिरलेला माणूस. मला नेहमी वाटतं की हा विषय त्याच्या हाती लागला हे बरं झालं. प्रेक्षक कुठल्या पत्त्याकडे बघतोय आणि कुठले पत्ते त्याच्या नजरेतून सुटलेत, हे जादूगाराइतकं कोणाला कळणार?

आणि लॉटरीच्या बातमीत नजरेतून सुटतात ते बाकीचे जुने विजेते. ज्या दिवशी त्या बाईला दुसऱ्यांदा लागली, त्या दिवशी आधी जिंकलेल्या कित्येकांची तिकिटं रद्दीत गेली असणार. 'पूर्वीच्या विजेत्याला यंदाही काही लागलं नाही' अशी बातमी कोण छापेल? ती छापली जात नाही, म्हणून आपल्याला मोजताही येत नाही. मग डोळ्यांसमोर एकटी बाई उरते आणि तिच्या मागे 17 लाख कोटी.

माझ्या स्वतःच्या बाबतीतही हे झालंय. वीस वर्षांपूर्वी एका परक्या शहरात, रात्रीच्या गाडीत, माझ्या शेजारच्या सीटवर शाळेतली मैत्रीण येऊन बसली. दहावीनंतर आमची भेट नव्हती. नेमकी हीच गाडी, हाच डबा, हीच सीट! कित्येक वर्षं मी ती गोष्ट सांगताना आवाज खाली आणायचे. पुढे केव्हातरी बसून यादी केली: त्या सीटवर कोण आलं असतं तर मी तितकीच चकित झाले असते? वर्गातल्या पन्नास-साठ मुली, कॉलेजातले शे-दोनशे जण, जुने शिक्षक, लांबचे नातेवाईक, आमच्या वाड्यात राहून गेलेली बिऱ्हाडं. आणि अशा किती गाड्या, किती रांगा, किती लग्नघरं माझ्या आयुष्यात येऊन गेली, जिथे ओळखीचं कोणीच भेटलं नाही आणि ते मी लक्षातही ठेवलं नाही? मैत्रीण भेटल्याचा आनंद मात्र खराच होता. आम्ही पहाटेपर्यंत बोलत होतो.

भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि मला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. "म्हणजे काहीही झालं तरी आपण म्हणायचं, लोक खूप आहेत, होतं असं? मग कोणी लबाडी केली तर कळणार कसं?"

हा प्रश्न मला त्या संध्याकाळी सर्वांत जास्त आवडला. कारण 'मोठ्या संख्येत काहीही होतं' हे वाक्य आळशी माणसाच्या हातात पडलं की ते प्रत्येक गोष्टीवर पांघरूण घालतं. संख्या मोठी आहे एवढं म्हणून भागत नाही. किती मोठी, आणि त्या संख्येत किती घटना अपेक्षित होत्या, ते काढून दाखवावं लागतं. मग कधीकधी उत्तर उलटंही येतं.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात तसंच झालं. 2006 मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीच्या एका कार्यक्रमासाठी टोरोंटो विद्यापीठाचे जेफ्री रोझेनथाल यांनी हिशोब केला. प्रश्न साधा होता: लॉटरीची तिकिटं विकणारे दुकानदार आणि त्यांचे नोकर स्वतःच किती वेळा जिंकतात? सुमारे सात वर्षांत 50,000 डॉलर किंवा त्याहून मोठी 5,713 बक्षिसं लागली होती. त्यातली जवळपास 200 विक्रेत्यांना. एकूण खेळणाऱ्यांत विक्रेते किती आणि ते इतरांपेक्षा किती जास्त तिकिटं घेतात, हे दोन्ही धरून अपेक्षित आकडा निघाला 57.

200 आणि 57. यात लाख नाहीत, कोटी नाहीत. पेपरात आला तर पान उलटून पुढे जावं असा आकडा. पण इथे माणसं आधी जमवली होती, घटना नंतर मोजली. 'विक्रेते' हा गट कोणी जिंकल्यावर निवडलेला नव्हता. ज्यांच्या हातात दुसऱ्यांची तिकिटं तपासायला येतात असे ते लोक, म्हणून मुद्दाम त्यांच्याकडे बघायचं ठरलं होतं. अपेक्षा 57 ची असेल तर निव्वळ नशिबाने तो आकडा सात-आठने इकडे-तिकडे होईल, फार तर पंधरा-वीसने. सत्तर आले असते तर कोणी भुवई उंचावली नसती. दोनशे नशिबाने येत नाहीत.

"पण दुकानदार जास्त तिकिटं घेत असतील," भाची म्हणाली.

ते 57 मध्ये धरलेलंच आहे. तरी तिच्या समाधानासाठी आम्ही धरलेल्याच्याही दुप्पट खरेदी धरली. अपेक्षा झाली 114. नशिबाचं हेलकावणं आता दहा-अकराचं. 200 अजूनही कितीतरी लांब. नशिबाने भागत नव्हतं, म्हणजे दुसरं कारण शोधावं लागणार होतं, आणि ते फार गूढ नव्हतं: गिऱ्हाईक तिकीट तपासायला देतं, काउंटरमागचा माणूस 'काही लागलं नाही' म्हणतो आणि तिकीट स्वतःकडे ठेवतो. प्रत्येक विजेत्या विक्रेत्याने हेच केलं असं हा हिशोब म्हणत नाही. कोण खरा आणि कोण खोटा हे तो सांगूच शकत नाही. त्यासाठी एकेक प्रकरण उघडून बघावं लागतं. हिशोब एवढंच सांगतो की कुठे उघडून बघायला हवं. ऑन्टारियोत चौकशी झाली, आणि पुढे तिकिटावर आधी गिऱ्हाइकाने सही करायची, तिकीट स्वतःचं स्वतः तपासता येईल अशी यंत्रं ठेवायची, अशा सुधारणा आल्या.

भाचीने वहीच्या एका पानावर दोन ओळी लिहिल्या होत्या. वर 17 लाख कोटी, खाली 200 आणि 57. वरच्या ओळीपुढे तिने लिहिलं 'ठीक', खालच्या ओळीपुढे 'गडबड'. मग पेन्सिलीने वरच्या ओळीपुढे एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं.

"ते कशाला?"

"पाकिटात नाव असतं तर?"

असतं, तर तो आकडा अगदी खरा ठरला असता आणि मीही खुर्चीतून उठले असते. तिला ते करूनच बघायचं होतं. तिने तळहातावर पेनाने एक आकडा लिहिला, मला न दाखवता मूठ मिटली आणि डबा माझ्याकडे सरकवला. आता चिठ्ठ्या मी काढायच्या. तिच्या मुठीतला आकडा सहा सोडतींत दोनदा येण्याची शक्यता मी मनातल्या मनात काढली, तिसात एकच्या आसपास. दहा फेऱ्या केल्या. साठ चिठ्ठ्या. दोनदा आलेले आकडे पुष्कळ निघाले, 8 तर एका फेरीत तीनदा आला, आणि प्रत्येक वेळी मी तिच्याकडे बघायचे आणि ती मान हलवायची.

शेवटी तिने मूठ उघडली. घामाने शाई पसरली होती, पण आकडा वाचता येत होता. 7.

"एका फेरीत एकदा आला होता," ती म्हणाली. "तेवढाच."

मग तिने हात पुसला, नवा आकडा लिहिला आणि डबा हलवायला घेतला.